तसाही लावला नसता

माझा दादा खोटं बोलत नाही, हीच खरी अडचण आहे. खोटारड्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. दादा स्वतःला फसवतो आणि मग अगदी निर्मळ चेहऱ्याने तेच आपल्याला सांगतो. अशा माणसाला कुठे पकडायचं?

त्याचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. हातात कसब आहे, वरिष्ठ त्याला विचारल्याशिवाय मोठ्या इमारतीतल्या लिफ्टवर सही करत नाहीत. पण शनिवार-रविवार आला की हा माणूस चौकातल्या बेटिंगच्या दुकानात पडलेला. भिंतीवर सात पडदे, सातांवर सात सामने, खाली वाकडे झालेले प्लास्टिकचे स्टूल आणि त्यावर माना वर करून बसलेली बापई मंडळी. तिथे त्याला गोली भेटला. गोली म्हणजे पूर्वीचा गोलकीपर. गुडघा गेल्यापासून तो गोल अडवत नाही, लोकांना अडवतो आणि आपल्या कल्पना ऐकवतो.

गोलीची नवी कल्पना फुटबॉलमधल्या बरोबरीची होती. खालच्या दर्जाच्या लीगमधले असे सामने शोधायचे, ज्यात दोन्ही संघांच्या मागच्या सहा सामन्यांत गोल कमी झालेत, आणि तरीही बेटिंग कंपन्या बरोबरीला सव्वातीनच्या वर भाव देतायत. तिथे बरोबरीवर लावायचं. दर वेळी सारखीच रक्कम, म्हणजे एक डाव. हरलो म्हणून दुप्पट नाही, जिंकलो म्हणून उड्या नाहीत. भाव सरासरी साडेतीन धरला तर एका डावाचे साडेतीन परत येतात, म्हणजे सात लावले आणि त्यातले दोन लागले की फिट्टंफाट. सातांत दोनपेक्षा जास्त लागले तर नफा. कल्पना वेडगळ नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण वेडगळ नसणं म्हणजे खरी असणं नव्हे.

आता वहिनी. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भटारखाना सांभाळते. तिच्या पावाला जो वास येतो तो आला की पहिल्या मजल्यावरचा म्हातारा खिडकी उघडून बसतो. चौकाच्या अलीकडे किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान होतं, ते रिकामं झालं. वहिनीला ते बेकरीसाठी हवं. मालकाने पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं, त्यापुढे एक दिवस नाही. दादा-वहिनीच्या नावावर एकच ठेव होती, पंधरा वर्षांची, आणि ती मोडायला दोघांच्या सह्या लागत होत्या. दादाला ती गोलीच्या बरोबरीत घालायची होती आणि वहिनीला भट्टीत.

भांडण इतकं पेटलं की एका रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, या आणि तुमच्या भावाला न्या, नाहीतर मला न्या." मी गेले. स्वयंपाकघरात दादा एका कोपऱ्यात, वहिनी दुसऱ्या कोपऱ्यात आणि मधे टेबलावर फुगत ठेवलेलं पीठ.

माझी नोकरी औषधांच्या चाचण्यांची. नवी गोळी आली की ती घेणारे रोगी, न घेणारे रोगी, मधेच सोडून गेलेले रोगी, यांचा हिशेब ठेवायचा आणि शेवटी गोळी चालते का नाही ते सांगायचं. तेव्हा मी म्हटलं, "पैसे लावायच्या आधी कागदावर लाव. आठ आठवडे. खरा पैसा एक दमडीही नाही. आठ आठवड्यांनी मी बघते. चाललं तर वहिनी सही करेल. नाही चाललं तर तू दुकानासाठी सही करायची आणि ह्या विषयाला कायमची माती."

"चालेल," दादा म्हणाला. "पण निकाल तू द्यायचा. तुझी वहिनी नाही."

"मला मान्य," वहिनी म्हणाली. "वन्सं कुणाच्या बापाला भीत नाहीत."

त्यात आमचाही बाप आला, पण ठीक आहे.

नियम मी घालून दिले. प्रत्येक डाव सामना सुरू व्हायच्या तासभर आधी मला फोनवर पाठवायचा: कोणता सामना, भाव किती. आधी. नंतर सुचलेलं काहीही चालणार नाही. आणि नियमात बसणारा प्रत्येक सामना पाठवायचा, मनात आला तेवढाच नाही. दादाने मान हलवली. तो मान फार चांगली हलवतो.

पहिले दोन आठवडे तर मला त्याचं कौतुकच वाटलं. शनिवारी दुपारी पटापट संदेश यायचे: अमुक विरुद्ध तमुक, तीन पॉइंट पाच. तमुक विरुद्ध अमुक, तीन पॉइंट सहा. मी पिशवीत कोथिंबीर भरता भरता वाचायचे आणि मनात म्हणायचे, चला, पठ्ठ्या शिस्तीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात पहिला दुसऱ्या प्रकारचा संदेश आला. "मघाचा तीन नंबरचा मोजू नको. मैदानात चिखल झालाय. तसाही लावला नसता." घड्याळ बघितलं तर सामना चालू होऊन अर्धा तास झाला होता आणि एक संघ दोन गोलांनी पुढे होता.

मी फोन केला. "दादा, चिखल कधी झाला?"

"सकाळपासून."

"मग मला आधी का पाठवलास?"

"अगं, पाठवायचं म्हणून पाठवला. पण खरे पैसे असते तर मी तसाही लावला नसता. मला माहितीय ना माझं."

"मला नाही माहिती तुझं. मी मोजणार."

"मोज की," तो म्हणाला, "पण वेगळा मोज." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो शब्द दर शनिवारी यायला लागला. त्यांचा मुख्य खेळाडू जखमी होता, तसाही लावला नसता. पंच नवा होता, तसाही लावला नसता. एकदा तर नुसतंच "तसाही", पुढे काही नाही. मी त्या शब्दाला इतकी वैतागले की ऑफिसात कुणी "चहा तसाही गार झालाय" म्हटलं तरी माझं डोकं भणभणायचं. आमच्याकडे चाचणीत गोळी घेऊन ज्याला उलट्या झाल्या आणि जो घरी गेला, त्याला गाळून टाकलं तर प्रत्येक गोळी अमृत ठरेल. म्हणून आम्ही त्याला गाळत नाही. ज्याचं नाव सुरुवातीला लिहिलं, त्याचा हिशेब शेवटपर्यंत द्यायचा. पण दादाला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी एकदा त्याच्याच भाषेत सांगून पाहिलं. लिफ्टमध्ये वजनं भरून ब्रेकची चाचणी घेतात, ते मी त्याच्याकडून वर्षानुवर्षं ऐकत आले होते. "समज ब्रेक लागला नाही," मी म्हटलं, "तर तू वरिष्ठांना सांगशील का, की ही खेप मोजू नका, ह्या लिफ्टमध्ये तशीही माणसं चढली नसती?"

दादा म्हणाला, "लिफ्ट वेगळी. तिथे माणसं मरतात."

मला त्या क्षणी त्याच्या दंडाला चिमटा काढावासा वाटला, लहानपणी काढायचे तसा. पंधरा वर्षं रोज पीठ मळणारी बाई त्याच्याच घरात होती, आणि त्याला लिफ्ट वेगळी वाटत होती.

आठ आठवडे संपले. निकालाच्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. वहिनीने टेबल रिकामं करून ठेवलं होतं. गोलीही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू सोयरीक ठरायची होती. दादाने आपली मोजणी आधीच करून ठेवली होती आणि तो ती वाचायला उतावीळ झाला होता.

"चौऱ्याऐंशी डाव," तो म्हणाला. "त्यात एकोणतीस बरोबऱ्या. फिट्टंफाटीला चोवीस पुरे होत्या. पाच जास्त. साडेसतरा डाव नफा, आठ आठवड्यांत. शंभराला वीस पडतात, मास्तरीणबाई. कुठली बँक देते?"

"कोणतीच नाही," गोली म्हणाला.

वहिनीने ओट्याकडे तोंड करून स्वच्छ असलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

मी माझा फोन टेबलावर ठेवला. "चौऱ्याऐंशी नाही. मला एकशेपाच संदेश आलेत. सगळे सामना सुरू व्हायच्या आधीचे. त्यातले एकवीस तू नंतर गाळलेस."

"ते तसेही..."

"तो शब्द आज ह्या घरात काढायचा नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो मला उतरवायचा नव्हता. "त्या एकवीसांत किती बरोबऱ्या झाल्या, सांग. सहा झाल्या असत्या तर तू कुठेही गाळ, फरक पडला नसता. तीन झाल्या. तीनच."

खरं सांगायचं तर हा आकडा मी आदल्या दिवशी काढला तेव्हा माझा मलाच राग आला होता. मला तिथे शून्य हवं होतं. शून्य असतं तर वहिनीचं दुकान जवळजवळ झालंच असतं. पण त्या तीन सामन्यांत दादाने सामना रंगात असताना घाईघाईने "मोजू नको" म्हटलं, आणि मग शेवटच्या मिनिटाला कुणीतरी गोल मारून बरोबरी केली. त्या तिन्ही वेळा त्याने पुन्हा फोन करून "आता मोज" असं म्हटलं नव्हतं, हेही लिहून ठेवायला हवं. माणूस लबाड नाही. मी ते तीन सोडून अठरा हरलेलेच धरले असते तर त्याला कळलंही नसतं. पण मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्याने हरलेले गाळले, मी जिंकलेले गाळले असते. मी तिन्ही धरले, दात ओठ खात धरले.

"म्हणजे एकशेपाचांत बत्तीस," मी म्हटलं. "फिट्टंफाटीला तीस लागतात. साडेसतरा नफ्याचे झाले सात."

"सात तर सात," गोली म्हणाला. "नफा तो नफा."

"आता भाव," मी म्हटलं. "दादा, तू प्रत्येक वेळी कुणाचा भाव लिहिलास?"

"सगळ्यात चांगला असेल त्याचा. सगळ्या कंपन्यांचे भाव एका पानावर दिसतात ना, त्यातला वरचा."

"आणि त्या वरच्या कंपन्यांत तुझी खाती चालू आहेत?"

इथे दादा पहिल्यांदा खाली बघायला लागला. त्याच्या तीन खात्यांवर कंपन्यांनी केव्हाच मर्यादा घातली होती. तिथे त्याचा एवढा डाव घेतच नाहीत, चहापाण्याइतकाच घेतात. पूर्ण डाव घेणारी दोनच खाती उरली होती, आणि त्यांचे भाव कायम कमी. मी प्रत्येक सामन्याचा त्या दोघांतला चांगला भाव शोधून काढला होता. बाजार आटोपून दुकानात जाऊन, दादाची पाठ असेल अशा स्टुलावर बसून, पडद्याखाली चालणाऱ्या आकड्यांचे फोटो काढून, आजूबाजूच्या मंडळींच्या नजरा झेलत, आठही शनिवार. सरासरी पडत होती तीन पॉइंट तीन.

"जो भाव तुला मिळणारच नव्हता, तो तू कागदावर घेतलास," मी म्हटलं. "तीन पॉइंट तीनने बत्तीसांचे किती होतात ते कर."

दादाने केलं. फोनवर केलं, मग पुन्हा केलं. "एकशेपाच पॉइंट सहा."

"एकशेपाच लावले, एकशेपाच आणि वर अर्धा परत आला. आठ आठवडे, दोन बापे आणि एक मी."

वहिनीचे खांदे जरा खाली आले. तिला वाटलं, झालं.

"तोटा नाही ना पण," गोली म्हणाला. "वाईट काळातही तोटा नाही. ह्याचा अर्थ पद्धतीत दम आहे. एरवी लावणारा हरतोच, कंपनीचा वाटा जातो. आपण कंपनीचा वाटा भरून बरोबरीत राहिलो."

हे तो बरोबर बोलत होता, आणि म्हणून मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला. मूर्ख बरोबर बोलायला लागला की फार त्रास होतो.

मी पिशवीतून पिठाचा जुना डबा काढला. आत चिठ्ठ्या होत्या. त्याच आठ आठवड्यांतले, त्याच लीगमधले, सव्वातीनच्या वर भाव असलेले सगळे सामने, कमी गोलांचे आणि जास्त गोलांचे, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या मागे निकाल. "वहिनी, ह्यातल्या न बघता एकशेपाच काढ."

"मला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"म्हणूनच काढ."

तिने काढल्या. ओल्या हाताने, चिडून, मुठीमुठीने. आम्ही मोजल्या. तेहेतीस बरोबऱ्या.

गोलीने टोपी काढली. "वहिनींच्या हाताला गुण आहे. ह्यांनाच शनिवारी दुकानात..."

"गप बस रे," दादा म्हणाला. तो हसत नव्हता. त्याने डबा पुढे ओढला आणि स्वतः काढायला लागला. त्याच्या आल्या सत्तावीस. मग त्याने चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा काढल्या, आल्या एकतीस. त्याला समजायला लागलं होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर बघणं मला आवडलं नाही.

"एका वेळेने काही सिद्ध होत नाही," मी म्हटलं. "ना वहिनीच्या, ना तुझ्या. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे हजारो वेळा करून घेतलं. डोळे मिटून काढलेल्या चिठ्ठ्या दर तीनांत एकदा तुमच्या पद्धतीइतकं किंवा जास्त देतात. म्हणजे तुमच्या पद्धतीत दम असेलही. नसेलही. आठ आठवड्यांत ते दिसत नाही. दिसायला दोन-तीन हंगाम लागतील."

"म्हणजे चालली का नाही?" वहिनी म्हणाली.

"माहीत नाही."

वहिनी वळली. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "माहीत नाही? वन्सं, शेवटी आपला तो बाब्या, हे खरं. परवा मालक दुसऱ्याला किल्ली देईल आणि तुम्ही म्हणताय माहीत नाही? तुमच्या भावाला वाईट वाटू नये म्हणून?"

"मग अजून दोन हंगाम कागदावर करू," दादा लगेच म्हणाला. "मी कुठे घाई करतोय? ठेव राहू दे तशीच. निकाल लागेपर्यंत कुणीच सही करायची नाही. हेच न्यायाचं."

आता मात्र माझा तोल गेला. "न्यायाचं? सिद्ध करायचं कुणी, दादा? दावा तुझा होता. गोळी चालते हे गोळीवाल्याने सिद्ध करायचं असतं. सिद्ध झालं नाही तर ती विकली जात नाही. चालते का नाही माहीत नाही, म्हणून तोवर सगळ्या दुनियेने औषधच घेऊ नये, असं कुणी म्हणत नाही. तुझा कागद चालू ठेव, म्हातारा होईपर्यंत ठेव. पण त्या कागदावर दुसऱ्याचं दुकान बांधून ठेवायचं नाही. तू म्हणाला होतास, चाललं तर. चाललं असं मी म्हणू शकत नाही. सही कर."

"आणि हिची बेकरी?" दादा म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "तिची चाचणी घेतली का कुणी? माझ्या प्रत्येक डावाला भिंग लावलंस. तिने पाव भाजला की सगळे माना डोलावतात. घरचीच माणसं, त्यामुळे सगळ्यांना एक माप नको?"

हा प्रश्न बरोबर होता. मी वहिनीकडे बघितलं.

वहिनी म्हणाली, "घेतली."

आणि तिने सांगितलं. कॅन्टीनची पाळी दुपारची असल्यामुळे सकाळ तिची मोकळी असते. गेले सहा आठवडे ती सोमवार ते शुक्रवार सकाळी घरच्या भट्टीत पाव भाजून त्या बंद दुकानाच्या पायरीवर टेबल टाकून विकत होती. मालकाला विचारून. दादा पहाटेच ड्यूटीवर जातो, म्हणून त्याला पत्ताच नाही. आणि विकून आलेल्या पैशांतून रोज दुकानाचं भाडं, गॅस, मैदा आणि स्वतःची कॅन्टीनइतकी मजुरी ती बाजूला काढत होती, जणू दुकान घेतलंच आहे. उरलेले पाव तोट्यात. तिच्या मते आठवड्याला बऱ्यापैकी उरत होतं, आणि एकही आठवडा खाली गेला नव्हता.

मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी विचारलं, "रोजचे सगळे दिवस धरलेस ना?"

"सगळे. दोन सोडून. एकदा बसवाल्यांचा संप होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि एकदा भट्टी जास्त तापली, सगळी खेप जळाली. ते दोन दिवस तसेही धरण्यासारखे नव्हते."

दादाने मान वर केली. हळूच, अगदी सावकाश. "काय म्हणालीस?"

वहिनीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिचे कान लाल झाले.

"पुन्हा म्हण की," दादा म्हणाला. "ते दोन दिवस काय?"

मी त्याच्यावर ओरडणार होते. तोंडात आलं होतं: तिची तुलना तू तुझ्या सट्ट्याशी करतोस? पण ते मला गिळावं लागलं. ह्या घरात 'तसाही' हा शब्द काढायचा नाही, हे मीच म्हटलं होतं, आणि कुणासाठी सूट आहे असं म्हटलं नव्हतं. आठ आठवडे मी भावाच्या मानेवर बसले आणि वहिनीने तेच केलं तर मी लाडाने हसून सोडणार होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात ते हेच. मला दादाचा राग आला, वहिनीचा आला आणि गोलीचा तर आलाच, कारण तो तोंड दाबून हसत होता.

"धर ते दोन दिवस," मी वहिनीला म्हटलं. "बस पुन्हा संपावर जाणार. भट्टी पुन्हा तापणार. दुकान उघडल्यावर ते दिवस भाडं माफ करत नाहीत."

वहिनीचे डोळे भरून आले होते, रागानेच. तिने ते दोन दिवस धरले. जळालेल्या खेपेचा मैदा, गॅस, त्या दिवसाचं भाडं, मजुरी. दोन्ही एकाच आठवड्यातले निघाले, आणि तो आठवडा खाली गेला. तिने तो आकडा मोठ्याने वाचला. मग बाकीचे पाच आठवडे वाचले. ते वर होते, थोडे थोडे, पण सगळे जवळजवळ सारखे. सगळं मिळून उरत होतं ते तिने आधी सांगितलं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

"हे सिद्ध झालं?" दादा म्हणाला. टोमणा होता, पण प्रश्नही होता.

मी विचार केला. मला उत्तर नीट द्यायचं होतं, कारण आता दोघंही ऐकत होते. "सहा आठवडे थोडेच आहेत. पहिली नवलाई असेल. पण हिचा वाईटातला वाईट आठवडा आणि चांगल्यातला चांगला आठवडा, ह्यांत अंतर लहान आहे, म्हणून सहा आठवड्यांत बरंच दिसतं. तुझं एका शनिवारी सगळं जातं, एका शनिवारी सगळं येतं, म्हणून एकशेपाच डावांतही काही दिसत नाही. जळालेली खेप धरूनही हिचं उरतं. तुझा, गाळलेलं आणि खरा भाव धरला की, जेमतेम अर्धा डाव उरतो. माप एकच आहे, दादा."

गोली उठला, टोपी घातली आणि "मी निघतो, तसंही उशीर झालाय" म्हणाला. त्याच्याकडे तिघांनीही अशा काही नजरेने पाहिलं की तो दारातून आडवाच बाहेर पडला.

ठेवीचा कागद दादाने स्वतःच कपाटातून आणला, पेन झटकलं आणि सही केली. सही करताना तो बायकोकडे न बघता म्हणाला, "भट्टीचा थर्मोस्टॅट दाखव मला. जळतेच कशी बघतो." वहिनीचा राग अजून उतरला नव्हता, माझ्यावरचाही. मला निघताना पाव दिला नाही, हे मी विसरलेले नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मी बाजारात होते. फोन वाजला. दादा. मी मनात म्हटलं, सुटत नाही म्हणजे नाहीच. संदेश उघडला: एक सामना, भाव तीन पॉइंट तीन, त्याच्या चालू खात्यातला. खाली लिहिलं होतं, "फक्त कागदावर. दोन हंगाम."

मी पिशवी खाली ठेवून, भर रस्त्यात, त्याला काय काय ऐकवायचं ते जुळवत उभी राहिले. मी ते जुळवत बाजार उरकत होते तोवर सामना सुरू झाला असणार आणि संपलाही असणार, कारण घरी पोचून भाजी निवडायला बसले तोवर दुसरा संदेश आला.

"चिखल होता. कीपर नवखा होता. तीन-शून्य हरला. धर."